शेवटच्या गुणसूत्रासाठी थांबणारी पेशी

दुभंगण्याआधी पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार करते. माणसाच्या पेशीत अशा 46 जोड्या होतात. जोडीतली दोन्ही सूत्रे कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र धरलेली असतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून तुर्कतंतू येतात आणि सूत्रांवरच्या कायनेटोकोर या जागी त्यांना पकडतात. 45 जोड्या सज्ज असल्या आणि एकच भटकत असली, तरी बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी थांबतात.

पण थांबायला सांगते कोण? पकडल्या गेलेल्या जोड्या ‘चला’ म्हणतात, की मोकळी राहिलेली ‘थांबा’ म्हणते? अमेरिकेत कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी 1995 साली याचा देखणा निवाडा केला. पोटोरू या कांगारूच्या छोट्या भाईबंदाच्या पेशींत गुणसूत्रे मोजकीच असतात. तिथला शेवटचा मोकळा कायनेटोकोर त्यांनी लेझरने जाळला. ते गुणसूत्र आता नीट पकडले जाणे शक्यच नव्हते. तरीही थोड्याच वेळात पेशीने सूत्रे वेगळी करायला घेतली, म्हणजे पश्चावस्था सुरू झाली. ‘थांबा’ मोकळा कायनेटोकोरच म्हणत होता.

तो म्हणतो कसे, तेही आता कळले आहे. मोकळ्या कायनेटोकोरवर Mad2 हे प्रथिन आपला आकार बदलते आणि Cdc20 ला जखडून ठेवते. Cdc20 मोकळे नसले की APC/C हे मोठे यंत्र अडून राहते. शेवटचा कायनेटोकोर पकडला गेला की नवी जखडण थांबते, जुनी सुटते आणि APC/C सेक्युरिन या प्रथिनावर नष्ट करण्याची खूण लावते. सेक्युरिन आतापर्यंत सेपरेज नावाच्या कात्रीला आवरून होते. ते संपताच कात्री कोहेसिनच्या कड्यातला Scc1 हा दुवा कापते.

एवढा एक छेद पुरेसा असतो? फ्रँक उलमन, किम नॅस्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2000 साली यीस्टमध्ये हे तपासले. त्यांनी Scc1 मध्ये तंबाखूच्या एका विषाणूच्या विकराला कापता येईल अशी जागा घातली. Cdc20 काढून घेतल्यामुळे पेशी अडकून पडल्या होत्या. त्यांत ते परके विकर तयार होऊ लागताच सूत्रे सुटून दोन टोकांकडे निघाली. मला या प्रयोगाइतका निर्णायक पुरावा दुसरा वाटत नाही.

पहाऱ्याला मात्र सगळेच दिसत नाही. एकाच कायनेटोकोरला दोन्ही टोकांच्या तंतूंनी धरले, तर तो मोकळा नसल्यामुळे ‘थांबा’ म्हणत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली असे गुणसूत्र पश्चावस्थेत मधेच रेंगाळताना दिसते. स्त्रीबीजात अडचण कड्यांचीच असते. ती स्त्रीच्या जन्माआधी बसवलेली असतात. उंदरांवरील प्रयोगांत ती नंतर नव्याने भरली जात नसल्याचे आणि वयाबरोबर घटत असल्याचे आढळले आहे. कात्री चालण्यापूर्वीच सूत्रे सुटली, तर वाटणी चुकू शकते. डाउन सिंड्रोममधले जादा 21 वे गुणसूत्र बहुतेकदा आईकडून येते आणि त्याची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते, यामागे ही झीज हे एक कारण मानले जाते.