चेहराबदलासाठी छायाचित्रांचा संच

चेहराबदलाच्या मॉडेलला चेहरा फक्त दिलेल्या छायाचित्रांतूनच कळतो. जे संचात नाही, ते त्याला नीट दाखवता येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या काळच्या बनावट चित्रफितींतील चेहरे फारच कमी वेळा पापण्या मिटत. मिटलेल्या डोळ्यांची छायाचित्रे लोक सहसा जपून ठेवत नाहीत, म्हणून ती प्रशिक्षणातही नव्हती.

समजा, लघुपटात एका अभिनेत्याचा चेहरा त्याच्या स्टंट डबलवर बसवायचा आहे. चित्रीकरणाआधी दोघांची लेखी संमती घेतली जाते. चेहरा कोणत्या दृश्यांत वापरायचा, संच कोणाकडे राहील आणि केव्हा पुसला जाईल, हे तिच्यात स्पष्ट असते. समाजमाध्यमांवरून छायाचित्रे उचलली जात नाहीत. ती सर्वांना दिसतात, याचा अर्थ ती वापरायला परवानगी आहे असा होत नाही.

मग अभिनेत्याचे दहा मिनिटांचे चित्रीकरण होते. तो डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सावकाश मान फिरवतो, बोलतो, हसतो, डोळे मिटतो. हेच पुन्हा वेगळ्या प्रकाशात होते, कारण लघुपटातील दृश्ये उन्हातही आहेत आणि दिव्याखालीही. सेकंदाला पाच फ्रेम घेतल्या तर तीन हजार चित्रे मिळतात. सगळ्या फ्रेम घेऊन उपयोग नसतो. लागोपाठच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात.

डीपफेसलॅबसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधून चेहरा कापून सरळ करते. त्यात चुका होतात. भिंतीवरचे चित्र किंवा मागे उभा असलेला माणूसही चेहरा म्हणून पकडला जातो. अनोळखी व्यक्तीचा चेहरा दिसताच काढून टाकावा, कारण त्याची संमती घेतलेली नसते. `aligned_debug` या फोल्डरमधील चित्रांवर डोळे, नाक आणि जबडा यांच्या खुणा रेखलेल्या असतात. खुणा जागेवरून सरकल्या असतील तर ते चित्र बाद करावे. त्यानंतर चित्रे अस्पष्टतेनुसार लावून धूसर टोक तपासतात आणि सारखी चित्रे शेजारी आणून जादा प्रती काढतात. मात्र सगळी धूसर चित्रे आंधळेपणाने काढली, तर दुर्मीळ कोनही त्यांच्याबरोबर जातात.

शेवटी चित्रे मानेच्या कोनानुसार लावली की उणिवा दिसतात. समोरून शेकडो आणि खाली पाहताना मोजकीच चित्रे असतील, तर तेवढाच भाग पुन्हा चित्रित करावा लागतो. ही उणीव राहिली तर चाचणीत ती उघडी पडते: बाजूने पाहताना नाक चपटे होते, उघड्या तोंडात दातांऐवजी एक पांढरी पट्टी दिसते. अशा वेळी प्रशिक्षण लांबवून फारसे साधत नाही. नेमकी ती चित्रे मिळवावी लागतात.

काम संपल्यावर मूळ चित्रफिती, कापलेले चेहरे आणि मॉडेल हे तिन्ही करारानुसार पुसायचे असतात. केवळ छायाचित्रे पुसली तर चेहरा मॉडेलमध्ये राहतोच.