पहिली अर्धी मॅरेथॉन: डब्याचा आणि बाटलीचा हिशोब

अर्धी मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर. पहिल्यांदा धावणाऱ्याला त्याला अडीच ते पावणेतीन तास लागतात. वस्त्यांमधून पळायला येणाऱ्या मुला-मुलींना आम्ही पहिला प्रश्न पायांचा किंवा बुटांचा विचारत नाही. काल रात्री काय खाल्लं आणि आज पहाटे काय खाल्लं, हे विचारतो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: रात्री थोडंसं, पहाटे नुसता चहा. दहा किलोमीटरपर्यंत हे चालून जातं, पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला चालत नाही.

त्याचं कारण समजून घेऊ. भात, चपाती, भाकर, बटाटा, केळं, साखर यांतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं. मोठा साठा स्नायूंमध्ये असतो आणि छोटा यकृतात. नेहमीच्या वेगाने पळताना हा साठा दीड ते दोन तास पुरतो. यकृतातला छोटा साठा तर रात्रभराच्या झोपेतच बराचसा वापरला जातो. म्हणून उपाशीपोटी निघालेला माणूस अर्धी टाकी घेऊनच निघालेला असतो. साठा संपत आला की पाय लाकडासारखे जड होतात, वेग आपोआप पडतो, चिडचिड होते, कधी घाम येऊन थरथर सुटते. त्या वेळी जिद्द कमी पडलेली नसते, जेवण कमी पडलेलं असतं.

एक उदाहरण घेऊन हिशोब करू. मुलगी २४ वर्षांची, वजन ५५ किलो. पॅकिंगच्या कारखान्यात आठ तास उभ्याने काम. आठवड्यातून चार दिवस पळते, त्यातलं रविवारचं पळणं लांब पल्ल्याचं. अशा पळणाऱ्याला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांतून मिळणारा भाग. ५५ किलोला ते २७५ ग्रॅम झाले.

घरात वजनकाटा नसला तरी चालेल. एका मध्यम चपातीत २० ग्रॅम, भाकरीत ३५ ते ४०, शिजलेल्या भाताच्या भरलेल्या वाटीत ४०, वाटीभर डाळीत १५, केळ्यात २३ आणि साखरेच्या सपाट चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

या मुलीचा नेहमीचा दिवस असा जायचा: सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारच्या डब्यात दोन चपात्या आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दोन वाट्या भात आणि डाळ. बेरीज १७५ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे रोज १०० ग्रॅमची तूट. एक दिवस शरीर ती सोसतं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठतानाच पाय भरलेले वाटतात आणि मागच्या आठवड्यात सोपं गेलेलं अंतर अवघड जातं.

ही तूट महागड्या डब्यातल्या पावडरीने भरायची नाही. पळून आल्यावर टोस्टऐवजी भरपूर ताटलीभर पोहे आणि चहा घेतला, की ५५ ग्रॅम होतात. डब्यात तीन चपात्या, बटाट्याची भाजी, एक वाटी भात आणि डाळ असली की १२५. चार वाजता केळं, मूठभर फुटाणे आणि चहा, म्हणजे ५०. रात्री एक भाकर, डाळ आणि सुकटीचं कालवण, म्हणजे आणखी ५०. बेरीज २८० झाली. अन्न घरातलंच आहे. फक्त सकाळचा आणि चार वाजताचा घास वाढला आणि डबा थोडा मोठा झाला. ज्या दिवशी पळायचं नाही, त्या दिवशी एक चपाती आणि चार वाजताचं केळं कमी केलं तरी चालतं.

बायका-मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खायचं आणि त्यावर पळायचं, असं चाललं तर शरीर आधी पाळी पुढे ढकलतं, मग थांबवतं. पळायला लागल्यापासून पाळी लांबली असेल तर 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणू नका. खाणं कमी पडत असल्याचं हे लक्षण असू शकतं आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर हाडं कमकुवत होऊन त्यांना बारीक तडे जातात. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. आणि पुरेसं खाऊनही सपाट रस्त्यावर धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर भात वाढवून ते भरून येत नाही.

आता रविवारच्या लांब पल्ल्याकडे येऊ. समजा आज १६ किलोमीटर आहेत, साधारण दोन तासांचं पळणं. शनिवारी रात्री भात आणि पातळ डाळ, भाताची एक वाटी जास्त. त्या रात्री तिखट-तेलकट रस्सा, वाटाण्या-छोल्याची उसळ आणि मटण नको. ते वाईट म्हणून नव्हे, पण ते सावकाश पचतं आणि पहाटे पोटात गुरगुरतं.

सहाला निघायचं असेल तर साडेचारला खा. पावाच्या दोन स्लाइसवर गूळ किंवा जाम आणि एक केळं, एवढ्यात ५५ ते ६० ग्रॅम होतात. रात्रीच्या दोन शिळ्या चपात्या गुळासोबत खाल्ल्या तरी तेच काम होतं. चहाची सवय असेल तर घ्या, पण त्याला नाश्ता समजू नका.

पळताना तासाला साधारण ३० ग्रॅम पोटात गेले पाहिजेत. १६ किलोमीटरसाठी हिशोब सोपा आहे: एक बाटली आणि एक केळं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखरेचे सहा सपाट चमचे, चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू घाला. चाळिसाव्या मिनिटाला अर्धी बाटली आणि अर्धं केळं, ऐंशीव्या मिनिटाला उरलेलं. थकवा आल्यावर खायचं असं ठरवलं तर उशीर होतो, कारण खाल्लेलं पोटातून रक्तात जायला वेळ लागतो. म्हणून घड्याळ बघून खायचं. साधं पाणी वेगळं, तहान लागेल तेवढं. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यातून डोकेदुखी, मळमळ आणि भोवळ येते आणि क्वचित ते जिवावरही बेतू शकतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक जण बाटलीत ओआरएस भरून आणतात. ओआरएस जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी बनवलेलं औषध आहे. त्याच्या एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे एका केळ्यापेक्षाही कमी. घामाच्या दिवशी ते प्यायला हरकत नाही, पण पळण्याचं इंधन त्यातून मिळत नाही. उलटी चूकही होते: 'जास्त ताकद येईल' म्हणून बाटलीत पंधरा चमचे साखर. एवढं घट्ट सरबत पोटात पडून राहतं, डुचमळतं आणि पोटात कळ येते.

पळताना रक्त पायांकडे जातं, पोटाला कमी मिळतं. त्यामुळे पळता पळता खाण्याची सवय पोटाला हळूहळूच लागते. दहा किलोमीटरच्या दिवसापासून दोन-दोन घोट आणि केळ्याचे दोन तुकडे घेऊन सुरुवात करा आणि चार-पाच रविवारांत पूर्ण बाटलीवर या. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको, तिच्यातलं तेल पचायला वेळ घेतं. पोट डुचमळायला लागलंच, तर दहा मिनिटं वेग कमी करा, फक्त पाण्याचे घोट घ्या आणि पुढच्या वेळी अर्धंच खा.

पळून आल्यावर तासाभरात दोन गोष्टी हव्यात: रिकामा साठा भरायला ५५-६० ग्रॅम कर्बोदकं आणि स्नायूंची दुरुस्ती करायला २० ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांची भुर्जी, दोन पाव, एक केळं आणि एक पेला दूध, एवढ्यात दोन्ही भागतात. अंडी नसतील तर पोह्यांत भरपूर शेंगदाणे घाला आणि सोबत दूध किंवा दही घ्या. पळून थेट कामावर जाणाऱ्यांनी हा खाऊ पिशवीतच ठेवावा. 'आता भूक नाही' असं वाटलं तरी दूध-केळ्यापासून सुरुवात करावी. तीन तासांनी पोटभर जेवण: भात, डाळ, सुकट, मासे किंवा मटण. शनिवारी टाळलेलं मटण रविवारी दुपारी खुशाल खा. दुपारपर्यंत लघवी फिकट पिवळी झाली, की पाणी भरून निघालं असं समजा.

उपोसथाचाही विचार करायला हवा. पौर्णिमेला अष्टशील पाळणारे दुपारी बारानंतर जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला लांब पळायला गेलात, तर अठरा तासांचा उपवास होतो. शील पाळा आणि लांब पळणं दोन दिवस पुढे न्या. दोन्ही एकत्र करू नका. ज्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय लांब पळू नये. पळताना त्यांची साखर अचानक खाली येऊ शकते.

स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस पळणं कमी आणि भात जास्त: रोजच्यापेक्षा दोन वाट्या भात आणि एक केळं वाढवा. वजन किलोभर वाढलेलं दिसेल. घाबरू नका, ग्लायकोजेन आपल्यासोबत पाणी धरून ठेवतं. स्पर्धा पाचला सुरू होणार असेल तर साडेतीनला उठून नेहमीचाच नाश्ता करा. खाण्याच्या वेळा त्याच, चाळीस आणि ऐंशी मिनिटं, आणि त्यांत एकशे विसाव्या मिनिटाची तिसरी भर. त्यासाठी कमरेच्या पिशवीत एक केळं जास्तीचं ठेवा. वाटेत कुणी नवीन जेल किंवा रंगीत सरबत पुढे केलं, तर नम्रपणे नको म्हणा. ज्याची सवय पोटाला रविवारी लागलेली नाही, ते स्पर्धेच्या दिवशी पोटात घालायचं नाही.