दुसरी फेरी : लेखांक ४
पस्तीस गुण कुठे गेले?

उत्तरपत्रिकेची छायाप्रत कशी मागवायची, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ती हातात आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो पुनर्मूल्यांकनाचा. तो आधी निकालात काढा, कारण छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांतच त्यासाठी अर्ज करता येतो. प्रत्येक उत्तरासमोर गुण दिलेले आहेत का, एखादं पान तपासायचं राहिलंय का, आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानावर तशीच उतरली आहे का, एवढं तासाभरात बघून होतं. बहुतेक वेळा बेरीज बरोबर निघते आणि मग ती छायाप्रत कपाटात जाते. माझं म्हणणं एवढंच, की पुरवणी परीक्षेसाठी याहून उपयोगी पुस्तक बाजारात मिळणार नाही, तेव्हा ती टेबलावरच राहू द्या.

दहावीच्या गणिताचं उदाहरण घेऊ. ठाकूरद्वारला, झावबाच्या वाडीजवळ राहणारी एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बीजगणितात ४० पैकी १२, भूमितीत ४० पैकी ५, अंतर्गत मूल्यमापनाचे १०. एकूण २७. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ हवेत, म्हणजे आठ गुण कमी. आमच्या गिरगावात जुनी माणसं अजून ‘ऑक्टोबरला बसला’ म्हणतात, पण २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा सहसा पावसाळ्यातच होते. २०२५ मध्ये निकाल १३ मेला लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. हाती जेमतेम सहा आठवडे. त्यातही छायाप्रत येईपर्यंतचे दिवस वजा करायचे. एवढ्या वेळात ‘पहिल्या धड्यापासून पुन्हा’ हा बेत केला, की समरूपता तिसऱ्यांदा होते आणि निर्देशक भूमिती तिसऱ्यांदा राहते. म्हणून सुरुवात धड्यापासून नको, गेलेल्या गुणांपासून करायची.

भूमितीचेच ३५ गुण गेले होते, म्हणून आधी तीच प्रत घेतली. एका वहीत प्रत्येक उपप्रश्नासाठी एक ओळ: प्रश्न क्रमांक, धडा, किती गुण गेले, का गेले. शेवटच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ आणि ‘घाई’ हे शब्द लिहायला मी मनाई करतो. त्या शब्दांवरून उद्या काय करायचं ते कळत नाही. हाताने नेमकं काय केलं, ते लिहायचं.

पहिली वाटणी सोपी होती. उत्तर लिहिलं पण गुण गेले, असे १२; आणि काही लिहिलंच नाही, असे २३. मुलीला वाटत होतं की आपल्याला भूमितीतलं काहीच येत नाही. प्रत वेगळंच सांगत होती.

आधी ते बारा. बहुपर्यायी प्रश्नांत दोन गेले. त्यातल्या एकात तिने आधी B लिहून खोडलं आणि शेजारी C लिहिलं. C बरोबर होतं. पण प्रश्नपत्रिकेच्या सूचनांतच छापलेलं असतं, की बहुपर्यायी प्रश्नाचं पहिलं उत्तरच तपासलं जाईल. म्हणजे हा गुण भूमितीत गेला नव्हता, सूचना न वाचण्यात गेला होता. स्पर्शिकेच्या रचनेत एक गुण गेला. वर्तुळ नीट, बिंदू नीट, पण त्रिज्येला लंब काढताना तिने कंस काढून मग खोडरबराने पुसले होते. आकृती स्वच्छ दिसावी, हा तिचा हेतू. रचनेच्या खुणा पुसू नयेत, हेही त्याच सूचनांत असतं, कारण लंब कंपासने काढला की अंदाजाने, हे परीक्षकाला त्या खुणांवरूनच कळतं.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते तीन गुणांच्या प्रमेयाचं. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे प्रमेय तिने पाठ केलं होतं. ∠ABC हा कंस ADC च्या मापाच्या निम्मा, ∠ADC हा कंस ABC च्या मापाच्या निम्मा, दोन्ही कंस मिळून ३६०°, म्हणून कोनांची बेरीज १८०°. ओळी बरोबर होत्या. आकृती नव्हती. प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक आहे, असं प्रश्नपत्रिका स्पष्ट सांगते, आणि ते योग्यच आहे: A, B, C, D कुठे आहेत हे दाखवल्याशिवाय ‘∠ABC’ला काही अर्थ उरत नाही. तीनपैकी शून्य.

हे पाच गुण मिळवायला नवा अभ्यास लागत नाही. ते एका संध्याकाळी ओळखता येतात. सवय लागायला मात्र वेळ लागतो, म्हणून पुढचं प्रत्येक प्रमेय आकृतीपासून सुरू करायचं, रोज.

उरलेले सात गुण गणितातलेच. त्यातला एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. P(−1, 1) आणि Q(5, −7) यांतील अंतर काढायचं होतं. तिने थेट लिहिलं:

```
√(4² + 6²) = √52
```

सूत्र नाही, किमती ठेवलेली ओळ नाही. 4 आला कुठून? ५ मधून −१ वजा करायच्या ऐवजी १ वजा केला. 6 सुद्धा तसाच, ७ मधून १. दोन्ही ठिकाणी ऋण चिन्ह डोक्यातल्या डोक्यात हरवलं होतं. वहीतली ओळ ‘चिन्ह चुकलं’ अशी लिहून भागत नाही. तिने लिहिलं, ‘किमती कंसात न ठेवता तोंडी वजाबाकी केली.’ आता उपाय त्या वाक्यातच आहे:

```
PQ = √((x₂ − x₁)² + (y₂ − y₁)²)
   = √((5 − (−1))² + (−7 − 1)²)
   = √(36 + 64) = 10
```

मधली ओळ लिहिली की चूक करायला जागाच राहत नाही. आणि पुढे चुकलंच, तरी सूत्राच्या आणि किमतींच्या पायरीचा गुणांश मिळायला निदान वाव असतो. नुसत्या √52 ला परीक्षक काहीच देऊ शकत नाही.

दुसरे दोन गुण समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळात गेले. क्षेत्रफळांचं गुणोत्तर २२५ : ८१, लहान त्रिकोणाची बाजू १२, मोठ्याची संगत बाजू काढा. तिने १२ ला थेट २२५/८१ ने गुणलं. क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, म्हणून आधी वर्गमूळ: १५ : ९, आणि उत्तर २०. ही चूक चिन्हाच्या चुकीसारखी नाही. इथे प्रमेयच अर्धवट माहीत होतं, तेव्हा पुस्तकातलं ते एक प्रमेय आणि त्याखालची उदाहरणं, एवढंच उघडायचं. अख्खा धडा नव्हे.

राहिलेल्या तीनपैकी एक गुण कृतीत गेला. तिने आकड्यांच्या चौकटी भरल्या आणि कारणांच्या दोन सोडल्या. ही चूक मला फार उत्तरपत्रिकांत दिसते. कारणं तीच तीच फिरून येतात: को-को कसोटी, समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू, आंतरलिखित कोनाचे प्रमेय, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. त्यांची नावं उत्तराबरोबर लिहायची सवय लावली की चौकट रिकामी राहत नाही. बाकीचे दोन गुण त्रिकोणमितीतली एक किंमत आणि एक खरोखर न आलेला पर्याय यांचे.

आता कोरे २३. उत्तरपत्रिका इथे अर्धंच सांगते: कोरं दिसतं, कोरं का ते दिसत नाही. ते शोधायची एक रीत आहे. तीच प्रश्नपत्रिका, पुस्तक बंद, घड्याळ नाही, फक्त कोरे राहिलेले प्रश्न सोडवायला द्या. चाळीत घरी शांतता नसेल तर वाचनालयात बसा. त्या मुलीने असे सहा गुणांचे प्रश्न बरोबर सोडवले: दोन गुणांची एक कृती, तीन गुणांची एक कृती आणि एक गुणाचा एक प्रश्न. हे तिला येत होतं, परीक्षेत हात तिथे पोचलाच नव्हता. का, ते प्रतीतच सापडलं. चौथ्या प्रश्नाचं एक अख्खं पान लिहून आडव्या रेघेने खोडलेलं होतं. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. त्या पानावर, तिच्याच आठवणीप्रमाणे, अर्धा तास गेला आणि हाती काहीच आलं नाही.

उरलेले १७ गुण खरंच अज्ञात. त्यात चौथा प्रश्न आठ गुणांचा, पाचवा तीन गुणांचा. हे अकरा गुण आम्ही सरळ बाजूला ठेवले. हुशार मुलाला हा सल्ला मी देणार नाही, पण आठ गुण हवे असलेल्या मुलीसाठी हिशेब वेगळा आहे. जवळचे पाच, सात आणि सहा मिळून अठरा होतात. त्यातले तेरा जरी परत आले, तरी आठ भरून पाच शिल्लक राहतात. आणि गणितात दोन्ही भागांचे गुण एकत्र धरले जात असल्यामुळे भूमितीत मिळालेला प्रत्येक गुण बीजगणिताच्या मदतीलाही येतो.

या पद्धतीत एक धोका आहे. मुलं जुनी उत्तरपत्रिका दुरुस्त करून पाठ करतात. P(−1, 1) पुन्हा येणार नाही. म्हणून वहीतल्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतला त्याच प्रकारचा प्रश्न शोधायचा आणि दोन दिवस मध्ये जाऊ देऊन सोडवायचा. लगेच सोडवला तर जमल्यासारखं वाटतं, पण ते आठवणीवर चाललेलं असतं. आठवड्याच्या शेवटी दोन तास लावून पूर्ण पेपर, आणि तो तपासून गेलेले गुण त्याच वहीत, त्याच रकान्यांत. बघायचं ते एकूण गुणांकडे नाही, कारणांकडे. ‘आकृती काढली नाही’ हे कारण दुसऱ्या पेपरात दिसेनासं झालं, पण ‘तोंडी वजाबाकी’ पुन्हा दोनदा आलं, तर पुढच्या आठवड्याचा पहिला तास कशाला द्यायचा ते ठरलं. पहिल्या दोन पेपरांत गुण फारसे वाढले नाहीत तरी कारणं बदलत असतील तर रस्ता बरोबर आहे. कारणं तीच आणि तेवढीच राहिली, तर वहीतली वाक्यं पुन्हा वाचा. बहुधा ती मोघम लिहिलेली असतात.

पेपर सोडवायचा क्रमही या प्रतीवरूनच ठरला. पहिला प्रश्न, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातल्या कृती. एवढ्यावर १५ गुण असतात. मग येणारी दोन गुणांची उदाहरणं, मग प्रमेय. चौथ्या प्रश्नाकडे वेळ उरला तरच जायचं, आणि दहा मिनिटांत वाट दिसली नाही तर तो सोडायचा.

पुढच्या लेखांकात तिच्याच बीजगणिताच्या प्रतीतले गेलेले २८ गुण घेऊ. तिथे कोरं फार थोडं आहे. जवळजवळ सगळं लिहिलेलं आहे, आणि वर्गसमीकरणांत एकच चूक चार ठिकाणी झाली आहे.