पैसे कापले, मग ऑर्डर कुठे गेली?

गोडा मसाला, मेतकूट विकणारं एखादं छोटं ऑनलाइन दुकान घ्या. ग्राहक ६४० रुपयांची ऑर्डर देतो, यूपीआय अॅपमध्ये पिन टाकतो, पैसे कापले जातात. तेवढ्यात फोन वाजतो आणि दुकानाच्या पानावर तो परत येतच नाही. ऑर्डर पक्की करण्याचं काम ‘धन्यवाद’च्या पानावर सोपवलं असेल, तर दुकानदाराला त्या पैशांचा पत्ताच लागत नाही.

यावर उपाय म्हणजे वेबहुक. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला थेट निरोप धाडतो. ग्राहकाचा ब्राउझर मध्ये येत नाही. त्यासाठी पैसे मागण्याआधीच ऑर्डर `pending` म्हणून नोंदवावी आणि गेटवेचा ऑर्डर क्रमांक तिला जोडून ठेवावा.

पण हा निरोप कोणीही खोटा पाठवू शकतो. म्हणून रेझरपेसारखे गेटवे सोबत सही पाठवतात. ती `X-Razorpay-Signature` या हेडरमध्ये असते. आपल्याकडच्या गुप्त किल्लीने तीच सही काढून ताडून पाहायची. इथे एक मेख आहे: मजकूर आला तसाच, एकही अक्षर न हलवता वापरावा लागतो. प्रोग्रॅमने तो आधी उलगडून पुन्हा जुळवला, तर खरी सहीसुद्धा खोटी ठरते. रक्कमही तपासावी, ती पैशांत येते, म्हणजे ६४० रुपयांचे 64000.

दुसरी अडचण अशी, की एकच निरोप दोनदा येऊ शकतो. आपलं उत्तर वेळेत पोचलं नाही, तर गेटवे तो पुन्हा पाठवतो. मग एकाच ऑर्डरची दोन पार्सलं निघतात. ते टाळायला एवढं पुरतं:

```
UPDATE orders SET status='paid'
WHERE id=412 AND status='pending';
```

एक ओळ बदलली, तर निरोप पहिलाच आहे. पॅकिंगचं काम त्याच व्यवहारात नोंदवा. शून्य ओळी बदलल्या, तर ऑर्डरची स्थिती पाहा. ती आधीच `paid` असेल, तर काही करायचं नाही. मात्र मुदत संपून ती रद्द झाली असेल, तर पैसे उशिरा आलेत. ते परत करायचे की माल पाठवायचा, हे माणसाने ठरवावं.

नोंद पक्की झाली, की लगेच 200 हे उत्तर द्यावं. रेझरपे त्यासाठी पाच सेकंद थांबतं. ईमेल, बिल, कुरिअर ही कामं मागाहून करावीत.

एवढं करूनही सर्व्हर बराच वेळ बंद राहिला, तर निरोप हुकतो. म्हणून दर काही मिनिटांनी `pending` ऑर्डरींची यादी काढून त्यांची खरी स्थिती गेटवेलाच विचारावी. वेबहुक बसवून हा ताळा न घेणाऱ्या दुकानाचं काम अर्धंच झालेलं असतं.