तिरका वाचायचा तक्ता

कोहॉर्ट रिटेन्शन हीटमॅप हा ग्राहकांच्या ये-जा करण्याचा रंगीत तक्ता असतो. एकाच महिन्यात पहिली खरेदी केलेल्या सगळ्या ग्राहकांची एक तुकडी धरायची. या तुकडीलाच कोहॉर्ट म्हणतात. प्रत्येक तुकडीला एक आडवी ओळ मिळते, सर्वांत जुनी तुकडी वर आणि सर्वांत नवी खाली. उभे रकाने दिनदर्शिकेतले महिने दाखवत नाहीत. ते ग्राहक झाल्यापासूनचा काळ मोजतात: शून्य म्हणजे पहिल्या खरेदीचा महिना, एक म्हणजे त्याच्या पुढचा, आणि असेच पुढे. ओळ आणि रकाना जिथे मिळतात त्या चौकटीत त्या तुकडीतले किती टक्के ग्राहक त्या महिन्यात पुन्हा खरेदीला आले तो आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका रंग गडद.

जुन्या तुकडीमागे बरेच महिने उलटलेले असतात, नव्या तुकडीमागे एखाददुसराच. म्हणून वरची ओळ लांब आणि खालची आखूड होत जाते आणि तक्ता जिन्यासारखा त्रिकोणी दिसतो. उजवीकडच्या कोऱ्या चौकटी म्हणजे शून्य नव्हे. ते महिने अजून उजाडलेलेच नाहीत. शून्याचा रकाना सगळीकडे शंभर टक्केच असतो, कारण तुकडी त्याच महिन्यात तयार झालेली असते. त्यातून काहीच कळत नाही, उलट रंगांचा घोळ होतो. सगळा गडदपणा ते शंभर टक्के घेऊन जातात आणि वीस-तीस टक्क्यांच्या चौकटींमधला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. त्यामुळे जाणकार तो रकाना रंगवत नाहीत किंवा रंगांची पट्टी पन्नास टक्क्यांपाशीच संपवतात.

या तक्त्याचे वाचन शिकायला एक खरी नोंदवही उपयोगी पडते. ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन भेटवस्तू विक्रेत्याचे १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातले व्यवहार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या खुल्या संग्रहात कोणालाही मिळतात. विक्रेत्याचे नाव त्यात नाही, पण त्याचे बरेच ग्राहक घाऊक खरेदी करणारे होते असे संग्रहातच नमूद आहे. वहीत ५,४१,९०९ ओळी आहेत. त्यांतल्या जवळपास पाव भागात ग्राहक क्रमांकच नाही, म्हणून त्या तक्त्यात घेता येत नाहीत. उरलेल्या ओळींतून ४,३७२ ग्राहक आणि तेरा तुकड्या निघतात. जगभरातले विद्यार्थी याच वहीवर कोहॉर्टचा पहिला धडा गिरवतात, आणि पुष्कळदा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

आधी एक ओळ आडवी वाचून पाहू. जानेवारी २०११ च्या तुकडीत ४२१ ग्राहक आहेत. त्यांतले १०१, म्हणजे २४ टक्के, फेब्रुवारीत परत आले. मार्चमध्ये ११९ आले, एप्रिलमध्ये १०२, मे महिन्यात १३८. आकडा घसरत जाण्याऐवजी वरखाली होतो. मासिक वर्गणीच्या सेवेत वर्गणी बंद केलेला ग्राहक सहसा कायमचा जातो, त्यामुळे तिथली ओळ बहुतांशी उतरतीच असते. दुकानात तसे होत नाही. मार्चमध्ये न फिरकलेला माणूस मे महिन्यात येऊ शकतो. म्हणजे फेब्रुवारीतले २४ टक्के वाचून ‘७६ टक्के ग्राहक गमावले’ असे म्हणणे चूक आहे. फेब्रुवारीतले १०१ आणि एप्रिलमधले १०२ हे तेच लोक आहेत का, हेही चौकटीतून कळत नाही. तीन महिन्यांतून एकदा माल भरणारा घाऊक ग्राहक अत्यंत निष्ठावान असूनही प्रत्येक तीन चौकटींपैकी दोनांत गैरहजरच दिसेल.

आता उभे वाचन. ‘एक’ क्रमांकाचा रकाना वरून खाली उतरत गेले की वेगवेगळ्या तुकड्या ग्राहक होऊन सारखाच काळ लोटल्यावर कशा वागल्या ते दिसते. डिसेंबर २०१० च्या तुकडीत ९४८ पैकी ३६२, म्हणजे ३८ टक्के, परत आले. नंतर एकदम घसरण: जानेवारीच्या तुकडीत २४, फेब्रुवारीच्या २५, मार्चच्या १९. पुढेही आकडा बहुतेक वीस ते तीसच्या मध्येच फिरतो. वरची गडद पट्टी आणि तिच्याखालचा फिकटपणा पाहून विक्रेत्याची सेवा बिघडली, असे म्हणण्याचा मोह होतो.

खरे कारण वहीच्या पहिल्या पानावर आहे. ती १ डिसेंबर २०१० ला उघडते. त्याआधीचे काही नोंदलेले नसल्यामुळे डिसेंबरात आलेला प्रत्येक जण ‘नवा’ ठरतो, मग तो कित्येक वर्षांपासून माल घेत असला तरी. पहिल्या तुकडीत असे जुने, टिकलेले ग्राहक मोठ्या संख्येने मिसळले आहेत. याचा पुरावा वहीतच सापडतो. रद्द केलेल्या आणि परत आलेल्या मालाच्या नोंदी वगळून तीच तुकडी मोजली तर ९४८ ऐवजी ८८५ ग्राहक उरतात. म्हणजे ६३ जणांच्या नावावर त्या महिन्यात खरेदी नाहीच, फक्त वजाबाकीच्या नोंदी आहेत. ज्याने आधी काही घेतले आहे, तोच माल परत करणार! त्यामुळे वहीची पहिली तुकडी तुलनेतून बाजूला ठेवणे हाच सरळ मार्ग. वापसीच्या नोंदी तर तक्ता बनवण्यापूर्वीच काढायला हव्यात, नाहीतर रागावून माल परत पाठवणारा माणूस ‘परत आलेला ग्राहक’ म्हणून मोजला जातो. इथले बाकीचे आकडे मात्र त्या नोंदी धरूनच आहेत, कारण या वहीचा सर्वांत प्रसिद्ध तक्ता तसाच आहे.

तिसरे वाचन तिरके असते आणि सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. ऑगस्टच्या तुकडीचा तिसरा महिना, सप्टेंबरच्या तुकडीचा दुसरा आणि ऑक्टोबरच्या तुकडीचा पहिला, हे तिन्ही म्हणजे दिनदर्शिकेतला एकच महिना: नोव्हेंबर. तक्त्यात या चौकटी डावीकडून उजवीकडे वर चढत जाणाऱ्या तिरक्या रेघेवर येतात. त्यामुळे बाजारात एखाद्या महिन्यात काही घडले, सण आला, किंमत वाढली किंवा संकेतस्थळ बंद पडले, तर त्याचा ठसा ना ओळीवर उमटतो ना रकान्यावर; तो तिरक्या रेघेवर उमटतो. तक्त्याच्या तळाचा कोपरा असा आहे (परत आलेले, टक्क्यांत):

| तुकडी | ग्राहक | १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|---|---|
| ऑगस्ट २०११ | १६७ | २५ | २५ | २५ | १४ |
| सप्टेंबर २०११ | २९८ | ३० | ३३ | १२ | |
| ऑक्टोबर २०११ | ३५२ | २६ | १३ | | |
| नोव्हेंबर २०११ | ३२१ | १३ | | | |

प्रत्येक ओळीची शेवटची चौकट पाहावी: १४, १२, १३, १३. हीच उतरंड वरपर्यंत जाते. मार्चच्या तुकडीतला आकडा २९ वरून ९ वर येतो, आणि पहिल्या तुकडीचा ५० वरून २७ वर. साऱ्या तुकड्यांनी एकाच महिन्यात पाठ फिरवावी, असे कोणते संकट डिसेंबर २०११ मध्ये आले? कोणतेच नाही. वही ९ डिसेंबरला संपते. इतर चौकटींत अख्खा महिना मोजला आहे आणि या चौकटींत जेमतेम नऊ दिवस. अपुरा महिना सर्व ओळींच्या टोकाला फिकट किनार लावतो आणि घाईने पाहणाऱ्याला ती घसरण वाटते. तक्त्यातली ही सर्वांत नेहमीची चूक. चालू महिना संपण्याआधी काढलेल्या कोणत्याही तक्त्यात ती हमखास असते. तिची खूण एवढीच की किनार अगदी शेवटच्या तिरक्या रेघेवर असते आणि तिच्यातून एकही ओळ सुटत नाही. तो महिना वगळला की ती नाहीशी होते.

तिच्या लगतची आतली रेघ, म्हणजे नोव्हेंबर, मात्र उलटी आहे. ती गडद दिसते आणि तो गडदपणा खरा आहे. डिसेंबरच्या तुकडीत ऑक्टोबरात ३७ टक्के ग्राहक आले होते, नोव्हेंबरात बरोबर निम्मे, ९४८ पैकी ४७४. जूनच्या तुकडीत २५ चे ३४ झाले. ऑगस्टची तुकडी जिथल्या तिथे राहिली. बाकी सगळ्या जुन्या तुकड्या वर गेल्या. भेटवस्तूंच्या धंद्यात नाताळचा माल दुकानदार आधीच भरून ठेवतात, त्याचाच हा परिणाम म्हणायला हवा. जूनच्या तुकडीचा पाचवा महिना इतका चांगला का गेला याचे उत्तर त्या तुकडीत शोधण्यात अर्थ नाही. तिचा पाचवा महिना नोव्हेंबरात पडला, एवढेच.

पहिली ओळ आणि शेवटची तिरकी रेघ झाकली की उरलेला तक्ता बराच शांत दिसतो. मधल्या दहा तुकड्यांमध्ये मिळून ३,०६२ ग्राहक आहेत आणि त्यांतले ७२६ पुढच्याच महिन्यात परत आले: साधारण २४ टक्के. काहीही न झाकता सरसकट सरासरी काढली तर २६ टक्के येते. फरक छोटा वाटतो, पण ही २६ टक्के एका फुगलेल्या आणि एका अर्धवट महिन्याच्या आकड्यांनी एकमेकांना सावरून घेतल्यामुळे आलेली आहे. सरासरी काढताना टक्क्यांची बेरीज करून भागाकार करण्याऐवजी ग्राहकांची बेरीज करावी, नाहीतर १६७ जणांच्या तुकडीला ४४० जणांच्या तुकडीइतकेच वजन मिळते.

तुकडीचा आकार आणखी एका कारणासाठी नजरेआड करू नये. जूनच्या २३५ ग्राहकांपैकी ४९ परत आले, म्हणजे २१ टक्के. एवढ्या लहान गटात निव्वळ योगायोगानेही हा आकडा पाच टक्क्यांनी खाली किंवा वर जाऊ शकतो. मेच्या तुकडीचे २४ आणि जूनच्या तुकडीचे २१ यांत फरक आहे असे रंग सांगतात. आकडेवारी तसे ठामपणे म्हणू देत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ग्राहकसंख्या छापलेली नसेल तर तो तक्ता अपुरा समजावा.

शेवटी महिन्याच्या मोजणीतली एक खोट. ३१ जानेवारीला पहिली खरेदी करून १ फेब्रुवारीला पुन्हा आलेला ग्राहक ‘एक’ रकान्यात नोंदला जातो. १ जानेवारीला घेऊन ३१ जानेवारीला परत आलेला मात्र शून्याच्याच रकान्यात राहतो, कारण दिनदर्शिकेतला महिना बदललेलाच नसतो. एक दिवसाचे अंतर मोजले जाते आणि तीस दिवसांचे सुटते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या खरेदीच्या तारखेपासून तीस-तीस दिवसांचे टप्पे पाडतात. मग रकाने प्रामाणिक होतात. पण एका टप्प्यात दोन महिन्यांचे दिवस मिसळतात आणि तिरकी रेघ पुसट होते, म्हणून सणासुदीचा परिणाम शोधायचा असेल तर दिनदर्शिकेच्या महिन्यांचा जुना तक्ताच पुन्हा काढावा लागतो.