दिव्याच्या आरशाचे पैसे नेमके कशाला?

बाथरूमचं सामान विकणाऱ्या दुकानांत आता साधा आरसा कोपऱ्यात असतो आणि दर्शनी भिंतीवर उजळलेले आरसे असतात. काचेवर बोट टेकवलं की दिवा लागतो, दाबून धरलं की उजेड कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या खुणेवर बोट ठेवलं की काचेवर वाफ धरत नाही. साधा 24 बाय 18 इंची आरसा हजाराच्या आसपास मिळतो. तेवढाच दिव्याचा आरसा साधारण साडेतीन ते पाच हजारांना, आणि वाफ न धरणारा हवा असेल तर आणखी हजार-दीड हजार. या तिन्ही सोयी एकत्र विकल्या जातात, पण तिघींची किंमत वसूल होतेच असं नाही.

सर्वांत कामाचा आहे तो दिवा. आपल्या बाथरूममधला दिवा बहुधा छताला किंवा आरशाच्या वर असतो. वरून येणाऱ्या उजेडात हनुवटीखाली सावली पडते आणि दाढीचे खुंट नेमके तिथेच राहून जातात. उजेड समोरून, दोन्ही बाजूंनी आला तर ही अडचण सुटते. मात्र हे आरसे दोन प्रकारचे असतात. एकात काचेमागचा चंदेरी थर पट्टीपुरता काढलेला असतो आणि त्या दुधी पट्टीतून उजेड थेट चेहऱ्यावर येतो. दुसऱ्यात दिवे आरशाच्या पाठीशी असतात आणि उजेड मागच्या भिंतीवर पसरतो. हा दिसतो देखणा, पण दाढीला किंवा टिकली लावायला फारसा उपयोगाचा नाही. दुकानात आरशासमोर उभं राहून मान वर करा आणि गळा स्पष्ट दिसतो का ते बघा.

टच आणि डिमर ही हौस आहे. रात्री उठल्यावर मंद उजेड बरा वाटतो, इतकंच. स्वस्त डिमर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो. उजेड मंद करून मोबाइलचा कॅमेरा आरशाकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर ते मॉडेल सोडून द्या. टचलाही मर्यादा आहेत. काचेवर पाणी उडालं की काही आरशांचा दिवा आपोआप लागतो. शिवाय बोटाची वाट पाहत तो सेन्सर चोवीस तास वीज घेतो. सेन्सर एक वॉट घेत असेल, तर महिन्याला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते. 24 वॉटचा दिवा रोज तासभर लावला तरी तेवढीच जाते. रक्कम किरकोळ आहे, पण दमट भिंतीवरचं यंत्र सतत चालू राहतं. म्हणून आरशाला बाहेर वेगळं बटण ठेवावं. मग वीज आल्यावर दिवा आधीच्याच उजेडावर येतो की पुन्हा सगळं ठरवावं लागतं, हे घेण्यापूर्वीच विचारून घ्या.

आता वाफ. भिंतीवरची काच हवेपेक्षा गार असते, म्हणून गरम पाण्याची वाफ तिच्यावर थेंबांच्या रूपात बसते. वाफ न धरणाऱ्या आरशामागे विजेवर तापणारा पातळ पॅड चिकटवलेला असतो. तो काच थोडी कोमट ठेवतो, एवढंच. पॅड बहुधा मधल्या भागापुरता असतो, त्यामुळे चेहऱ्याएवढी जागा स्वच्छ आणि कडा धुकट राहतात. काच तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून तो अंघोळीआधीच लावावा लागतो. काही मॉडेलमध्ये दिवा लावल्याशिवाय पॅड चालत नाही, हेही तपासा. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात किंवा मुंबईच्या उन्हाळ्यात, जिथे भिंतच गार नसते, तिथे वाफेचा त्रास मुळात कमी. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, बंद खिडकीत आणि गिझरच्या शॉवरखाली तो खरा जाणवतो.

समजा, पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम आहे. आरशामागे विजेचा पॉइंट नाही. दिव्याच्या आरशाला पाच-सहा हजार, वर टाइल फोडून वायर नेण्याचा खर्च. त्याऐवजी साधा आरसा, दोन्ही बाजूंना बाथरूमसाठी बनवलेल्या एलईडी पट्ट्या आणि एक एक्झॉस्ट फॅन हे साधारण चार हजारांत बसतं. वायरिंग इथेही लागतं, पण पंखा आरशाबरोबर भिंती आणि टॉवेलही सुकवतो. एखादी पट्टी गेली तर तेवढीच बदलता येते. आरशातली पट्टी काचेमागे चिकटवलेली असल्याने ती गेली, तर बऱ्याचदा पूर्ण आरसाच बदलावा लागतो.

घराचं काम नव्याने चाललं असेल आणि पॉइंट आत्ताच काढता येत असेल, तर समोरून उजेड देणारा आरसा जरूर घ्या. डबी पाण्याच्या उडण्यापासून सुरक्षित असल्याची आयपी 44 किंवा त्याहून वरची खूण बघा, अर्थिंग आणि आरसीसीबी आहे याची खात्री करा, आणि ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का ते विचारा. वाफेचा पॅड फक्त शॉवर आणि कोंडलेलं बाथरूम असेल तरच घ्या. टच आणि डिमरसाठी वेगळे पैसे देण्याचं कारण नाही. हव्या त्या आरशात ते आलेच, तर वापरा.