कर्जाच्या आलेखातले दोन थर

तीस लाखांचं गृहकर्ज, 9 टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. दरमहा हप्ता 26,992 रुपये. एक्सेलमध्ये प्रत्येक हप्त्यातलं मुद्दल खाली आणि व्याज त्याच्यावर असे थर रचले की, हप्ता ठरलेला असल्यामुळे, वरची कडा सपाट राहते. मुद्दलाचा थर मात्र डावीकडे अगदी पातळ असतो. उजवीकडे जाताना तो आधी हळूहळू आणि मग झपाट्यानं चढतो. आलेख वाचताना वरच्या थराची फक्त जाडी पाहायची. तळापासून उंची मोजली तर संपूर्ण हप्ताच व्याज वाटेल.

पहिल्या हप्त्यात व्याज 22,500 आणि मुद्दल जेमतेम 4,492 रुपये. हे पाहून अनेकांना वाटतं की बँक आपलं व्याज आधीच काढून घेते. तसं नसतं. दर महिन्याला व्याज लागतं ते शिल्लक मुद्दलावर, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळं मुद्दल शिल्लकच असतं. जेवढं फिटलं, तेवढ्यावरचं व्याज पुढच्या महिन्यात वाचतं आणि ते मुद्दलाकडे वळतं. त्यामुळे मुद्दलाचा वाटा पावणेआठ वर्षांत दुप्पट होतो. तरीही हप्त्यात मुद्दल व्याजाच्या पुढे जातं ते तेराव्या वर्षी, आणि निम्मं कर्ज फिटायला चौदा वर्षं लागतात.

हातात दोन लाख जास्तीचे आले तर ते कधी भरावेत, हेही यावरून कळतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे पाच लाखांचं व्याज वाचतं आणि कर्ज दोन वर्षांहून अधिक आधी संपतं. तेच पंधरा वर्षांनी भरले तर बचत लाखभराचीच.

पातळ थराचा खरा धोका मात्र व्याजदर वाढल्यावर समोर येतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला, आणि बदलत्या दराची कर्जं महागली. वरच्या कर्जाचा दर पहिल्या वर्षानंतर 11 टक्के झाला असं धरू. तेव्हा 29.44 लाख शिल्लक असतात आणि त्यावर महिन्याचं व्याज 26,985 रुपये होतं. हप्ता वाढवला नाही तर मुद्दलाला उरतात फक्त सात रुपये. दर आणखी थोडा वाढला की हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज फिटण्याऐवजी फुगतं.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की, मुदत वाढवताना अशी वेळ येऊ देऊ नये. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवण्याची मुभा कर्जदाराला द्यावी. शिवाय आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं आणि किती हप्ते उरले, याचं विवरण दर तिमाहीला मिळालं पाहिजे. त्यातल्या मुद्दल आणि व्याजाच्या आकड्यांमधून आधीच्या तिमाहीतले आकडे वजा केले की आपल्या कर्जात मुद्दलाचा थर किती जाड आहे, ते लगेच कळतं.